जेवणासकट खोली

माझी बायको हिल्डा गेली त्या वर्षी पास्कल आमच्या पुढच्या खोलीत राहून तीन वर्षं होत आली होती. हे एकोणीसशे एक्कावन्न सालचं. पास्कल मालवणकडचा, वसईच्या दिवाणी कोर्टात कागदांच्या नकला करणारा कारकून. वय सव्वीस. तो आमचा भाडेकरू नव्हता. हिल्डा त्याला ‘आपला पेइंग गेस्ट’ म्हणायची. हा इंग्रजी शब्द ती वांद्र्याला नर्सिंग शिकत असताना जिथे राहिली तिथून घेऊन आली होती. मी ‘पास्कल’च म्हणायचो.

आम्हाला मूल नाही. वसईजवळ होळी गावात केळीची वाडी, विहीर आणि वडिलांनी बांधलेलं घर. घर माझ्या आणि धाकट्या भावाच्या, प्लासिडच्या नावावर. प्लासिड पलीकडच्या आळीत सासऱ्यांनी दिलेल्या जागेत राहतो. पुढची खोली रिकामीच होती. कोर्टातल्या कुणीतरी विचारलं आणि हिल्डा हो म्हणाली. मला तिने नंतर सांगितलं.

कागद तिनेच केला. वहीच्या एका पानावर दोन्हीकडून लिहिलेला. जेवण बावीस रुपये, दुपारी डबा आणि रात्री साडेसातला घरी. राहणं आणि देखभाल आठ रुपये. जेवायचं नसेल तर सकाळी निघण्याआधी सांगायचं, म्हणजे त्या वेळचे पाच आणे कमी. गावी आठवड्याहून जास्त गेला तर जेवणाचे पैसे नाहीत, राहण्याचे मात्र पूर्ण. रेशनकार्ड घरात द्यायचं. खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. शुक्रवारी मटण मागायचं नाही. जपमाळ चालू असताना शिट्टी वाजवायची नाही. खोलीची किल्ली स्वयंपाकघरात राहील, झाडलोट घरची माणसं करतील. पाहुणा रात्री ठेवायचा नाही. एक महिना आधी सांगून कुणीही हा व्यवहार मोडू शकतो.

खाली तिची सही, त्याची सही. माझी सही तिने मागितली नाही आणि मलाही ते खटकलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती चिठ्ठी द्यायची. त्यावर दोन ओळी असायच्या, जेवण इतके, राहणं-देखभाल इतके. ‘भाडे’ हा शब्द तिने कधीच लिहिला नाही. मला वाटायचं, तिला शब्द सुचत नसेल.

ती ऑगस्टमध्ये गेली. टायफॉइड. अकरा दिवस.

त्यानंतर पहिला महिनाभर शेजारची बेला, हिल्डाची मोठी बहीण, दोघांचं जेवण आणून द्यायची. तिच्या घरात आठ माणसं. चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर मी तिला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, “मग खाणार काय?” मी म्हटलं, बघू. मी पाव आणि चहावर राहिलो. कधी भाताची पेज. मला भूक नव्हती त्यामुळे अडचण कळली नाही.

पण पास्कलला भूक होती. तो स्टेशनजवळच्या खानावळीत जेवू लागला. मला लाज वाटली. जेवण देत नाही तर जेवणाचे पैसे कसे घ्यायचे? मी त्याला म्हटलं, “तू फक्त खोलीचे दे. आठ पण नको, हिल्डा झाडायची त्याचेही त्यात होते. सहा दे.”

“काका, आठ असू देत,” तो म्हणाला.

“सहा.”

मग मला वाटलं, याचं रेशनकार्ड माझ्याकडे कशाला, खानावळवाला मागत असेल. ते परत दिलं. मी दिवसभर वाडीत, दार उघडायला घरात कुणी नाही, म्हणून खोलीची किल्ली त्याला दिली. आणि एकदा संध्याकाळी त्याला ओट्यावर भिजलेल्या चपलांसकट बसून केळं खाताना बघितलं तेव्हा हिल्डाचा प्रायमस स्टोव्ह उचलून त्याच्या खोलीत ठेवून आलो. “चहा तरी करत जा,” म्हटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मी पहिल्यांदा चिठ्ठी लिहिली. हिल्डाचीच वही. लिहिलं, ‘पुढच्या खोलीचे सप्टेंबर महिन्याचे भाडे रुपये सहा पोचले.’ सही केली. पास्कलने चिठ्ठी वाचली. जरा जास्त वेळ वाचली. मग घडी घालून खिशात ठेवली.

त्याच महिन्यात प्लासिड आला. त्याचा मुलगा फर्डिनंड रेल्वेत लागला होता, पुढच्या ईस्टरनंतर त्याचं लग्न ठरत होतं. प्लासिडचं घर लहान. पुढची खोली आणि तिला लागून असलेली पडवी फर्डिनंडला द्यायची हे आमच्यात आधीच ठरलेलं. हिल्डाच्या समोरच ठरलं होतं.

तो ओट्यावर बसला. खोलीतून प्रायमसचा आवाज आला. पास्कल रविवारचा चहा करत होता.

“हे काय?” प्लासिड म्हणाला.

“चहा करतोय.”

“आत? वहिनीने स्टोव्ह बंद ठेवला होता ना?”

“ती होती तेव्हा चहा ती द्यायची.”

“आणि जेवतो कुठे?”

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. किल्ली, कार्ड, सहा रुपये, चिठ्ठी. प्लासिड ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता.

“चिठ्ठीवर भाडं लिहिलंस?”

“मग काय लिहू? भाडंच घेतलं.”

“दादा, तू त्याला भाडेकरू केलास!” तो उठून उभा राहिला. “किती जणांना मी बघितलंय! बाजारातल्या त्या कापडवाल्याने एक खोली दिली, चार वर्षं झाली, कोर्टाच्या पायऱ्या चढतोय. आणि हा तर कोर्टातच बसतो! रोज असल्याच कागदांच्या नकला करतो. तुला काय वाटतं, त्याला कळलं नसेल?”

“पास्कल तसा नाही.”

“जागा मिळेपर्यंत कुणीच तसा नसतो. आज बाहेर खोली घ्यायला जा, शंभर-शंभर पगडी मागतात.” त्याने आवाज खाली आणला. “मी वाईट बोलत नाही. मुलगा चांगला आहे. पण माझ्या पोराचं लग्न आहे. महिनाअखेरीला तो जाऊ दे. नाहीतर हे कागद नीट कर, कसं ते तू बघ.”

तो गेला. खरं सांगायचं तर मला फर्डिनंडच्या लग्नाची काळजी वाटली नाही. मला एवढंच दिसलं की पास्कल गेला तर या घरात हिल्डाला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी राहणार नाही. तो संध्याकाळी सायकल लावताना कधीकधी म्हणायचा, “काकी असत्या तर आज ओरडल्या असत्या, चाक किती चिखलाचं.” एवढंच. पण दिवसभरात तेवढं एक वाक्य मला पुरायचं.

दुसऱ्या दिवशी मी हरिभाऊ वकिलांकडे गेलो. वडिलांच्या वेळेपासून आमचं काम तेच बघतात. मी हिल्डाचा कागद घेऊन गेलो. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि चष्मा काढला.

“हे कुणी लिहिलं?”

“बायकोने.”

“कुणा वकिलाला विचारलं होतं?”

“नाही. ती स्वतः मुलींच्या वसतिगृहात राहिलेली.”

“म्हणून. हे बघा, आलोशियस. भाडेकरूला तुम्ही जागा देता. कुलूप त्याचं, चूल त्याची, आत काय करतो ते तुम्ही विचारायचं नाही. त्याला काढायचं तर कोर्टात कारण दाखवावं लागतं. भाडं थकवलं, जागेची नासधूस केली, किंवा तुम्हाला स्वतःला राहायला खरोखर हवी. ते सिद्ध करण्यात वर्षं जातात. पेइंग गेस्ट वेगळा. तो तुमच्या घरात तुमच्याबरोबर राहतो. तुम्ही त्याला जेवण देता, त्याची खोली झाडता, किल्ली तुमच्याकडे, घराचे नियम तुमचे. त्याला राहायची परवानगी असते, जागेवर हक्क नसतो. तुमच्या बाईंनी प्रत्येक ओळ त्याच बाजूला लिहिली आहे. रेशनकार्डसुद्धा. एका घरचा माणूस.”

“मग अडचण काय? कागद तर आहे.”

“कागदाला काय नाव दिलंय ते कोर्ट बघेल, पण त्याहून जास्त बघेल प्रत्यक्षात काय चाललंय. तुम्ही जेवण बंद केलं, किल्ली दिली, कार्ड दिलं, स्टोव्ह दिला. भाड्याची पावती लिहिली. चार उपकार केलेत आणि त्यावर सही. हे सगळे तुमच्याच विरुद्ध साक्ष देतील.” ते हसले, पण वाईट हसले नाहीत. “आणि हा कागद बाईंनी केलेला. त्या गेल्या. आता जे काही आहे ते तुमच्यात आणि त्याच्यात.”

“आता काय करू?”

“जेवण सुरू करा.”

“मला येत नाही.”

“मग कुणाकडून करवून घ्या. पण ते घरातून, तुमच्या नावावर जायला हवं.”

मी जरा विचार केला. “तो कुणी स्वयंपाकाचं माणूस आणेल, दोघांचं होईल. असं चालेल?”

“त्याने आणलं, त्याने पगार दिला, तर तुम्ही त्याच्याकडे जेवणार. म्हणजे पेइंग गेस्ट तुम्ही!” या वेळी ते मोठ्याने हसले, आणि हिल्डा गेल्यापासून पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग ते गंभीर झाले. “आणि ती पावती परत मिळवा. दुसऱ्याच्या हातात असताना नवा कागद कितीही चांगला केला तरी मागे ती राहतेच.”

मी बेलाकडे गेलो. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला स्वयंपाक शिकायचाय. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“कोर्टाने सांगितलं म्हणून?”

“वकिलाने.”

“बहीण माझी वीस वर्षं सांगत होती, एक आमटी तरी शिक, मी आजारी पडले तर. तेव्हा ऐकलं नाहीस. वकिलाला फी दिली तेव्हा ऐकलंस.” मग तिने पीठ झटकलं. “उद्यापासून सकाळी ये. आधी भात. भात जमला की बाकीचं ओरडून शिकवते.”

आठवडाभर मी तिच्या चुलीपाशी बसलो. भात दोनदा लागला. तांदळाची भाकरी माझ्या हातात तुटते ती अजून तुटते. सुकटीचं कालवण मात्र तिसऱ्या दिवशी जमलं. बेलाने चाखलं आणि म्हणाली, “मेलेल्या माणसाला उठवणार नाही, पण जिवंत माणूस खाईल.” मग तिने पदराने डोळे पुसले आणि मला हाकलून दिलं.

शनिवारी कोर्ट लवकर सुटतं. पास्कल आला तेव्हा मी स्वयंपाकघरात पाट मांडला होता. भात, सुकट, कांदा. तो दारात थांबला.

“काका, हे काय?”

“जेवण. बस.”

तो बसला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मीठ कमी होतं, तो उठून मीठ घेऊन आला. कुठे असतं ते त्याला माहीत होतं. निम्मं जेवण झाल्यावर मी म्हटलं, “पास्कल, मी तुला एक तारखेला जी पावती दिली, ती आहे?”

त्याचा हात थांबला.

“आहे. ट्रंकेत आहे.”

“त्यात काय आहे ते तुला माहीत होतं?”

“वाचली त्या क्षणी.” तो ताटाकडे बघत बोलत होता. “मी रोज तेच लिहितो, काका. अमुक तारखेची भाडेपावती, निशाणी नंबर अमुक. एका पावतीवर दावा उभा राहिलेला मी बघितलाय. तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगणार होतो. मग वाटलं, उद्या सांगेन.”

“मग?”

“मग भीती वाटली.” त्याने ताट जरा पुढे सरकवलं. “काकींच्या कागदात एक महिन्याची सूचना होती. काकी होत्या तोवर मला कधी वाटलं नाही की ती सूचना कुणी देईल. त्या गेल्यावर वाटलं. मी कुठे जाणार? कोर्टातला दुसरा कारकून बंदरावर बोट दुरुस्तीच्या शेडमध्ये झोपतो. पगडी द्यायला माझ्याकडे काही नाही, पगारातले पंचवीस आईला जातात. ती पावती ट्रंकेत आहे म्हणून मला झोप लागायची. खोटं सांगत नाही.”

मला राग यायला हवा होता असं प्लासिड नंतर म्हणाला. मला राग आला नाही. मी एकटा रात्री जागा असायचो आणि भिंतीपलीकडे हा माझ्याच सहीच्या आधारावर झोपत होता, एवढंच मला दिसलं.

“प्लासिड म्हणतो तू महिनाअखेरीला जा.”

“माहीत आहे. त्या दिवशी ओट्यावरचं सगळं आत ऐकू आलं.”

“आणि तू म्हणालास की मी जात नाही, ही बघा पावती, तर आम्ही काही करू शकत नाही.”

“करू शकत नाही,” तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, “पावती मी परत देतो. आत्ता आणतो. पण मग माझ्या हातात काय राहतं ते तुम्हीच सांगा.”

हे बरोबर होतं. मी त्याला पावती आण म्हटलं नाही. म्हटलं, “आधी नवा कागद करू. मग दे.”

बुधवारी आम्ही हरिभाऊंच्या घरी बसलो. पास्कल, मी आणि प्लासिड. प्लासिड पास्कलच्या बाजूला बघत नव्हता. हरिभाऊंनी मला लिहायला बसवलं, कारण माझ्या अक्षरात हवं म्हणाले. जेवण दुपारचा डबा आणि रात्री साडेसातला. मी जेवणाचे बावीस लिहायला गेलो आणि थांबलो.

“सोळा,” मी म्हटलं. “हिल्डाच्या हाताचे बावीस होते.”

“बावीसच लिहा, काका,” पास्कल म्हणाला. “मासे तेवढ्यालाच मिळतात.”

“भाकरी तुटते.”

“तुटलेलीही पोटात जाते.”

“अठरा,” हरिभाऊ म्हणाले, “आणि ही घासाघीस मी नोंदवत नाही.”

अठरा लिहिलं. राहणं आणि झाडलोट आठ. रेशनकार्ड घरात. किल्ली स्वयंपाकघरात, मी घरी नसेन तेव्हा बेलाकडे, तिथून पास्कलने मागून घ्यायची. खोलीत स्टोव्ह नाही. भाडं हा शब्द कुठेच नाही. मग सूचनेची ओळ आली. प्लासिड म्हणाला, एक महिना, जसं होतं तसं.

“तीन,” मी म्हटलं.

“दादा!”

“तीन महिने. आणि फर्डिनंडच्या लग्नाची तारीख ठरेपर्यंत सूचना द्यायचीच नाही. मग खोली लागली तर आधी तीन महिने सांगायचं. तोवर तो जागा शोधेल.”

“आणि नाही मिळाली तर?”

पास्कल पहिल्यांदा प्लासिडकडे वळला. “तर मधल्या खोलीत काकांबरोबर झोपेन. खोली फर्डिनंडला मिळेल. हे लिहून देतो.”

प्लासिडने हरिभाऊंकडे बघितलं. हरिभाऊंनी मान हलवली. “मधल्या खोलीत मालकाबरोबर झोपणारा माणूस भाडेकरू आहे असं सांगायला मी काही उभा राहणार नाही.”

ते लिहिलं. पास्कलने शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. हरिभाऊंनी तिच्यावर आडवी रेघ मारली, ‘रद्द, दोघांच्या संमतीने’ असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. फाडायची नाही म्हणाले, नव्या कागदाबरोबर जोडून ठेवायची, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर काय झालं ते दिसेल. मी सही केली, पास्कलने केली. साक्षीदार म्हणून प्लासिडला बोलावलं तेव्हा त्याने टाक हातात घेतला, कागद वरपासून वाचला आणि सगळ्यात खाली, सह्यांच्या वर उरलेल्या जागेत, आणखी एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली. ‘रविवारी दुपारी दोघांनी प्लासिडकडे जेवायचे. त्या वेळचे पाच आणे पास्कलला वजा मिळतील.’

“हे कायद्यात कुठे बसत नाही,” हरिभाऊ म्हणाले.

“आमच्या बायकोने सांगितलंय, बसवा,” प्लासिड म्हणाला आणि सही केली. मग तो पास्कलला म्हणाला, “डुकराचं खातोस ना?”

“खातो.”

“बरं आहे. या रविवारी तेच आहे.”

आम्ही बाहेर पडलो. प्लासिड त्याच्या वाटेने गेला. पास्कलची सायकल होती, पण तो ती हातात धरून माझ्याबरोबर चालला. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर मी थांबलो. सव्वापाच झाले होते. साडेसातचं जेवण मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं आणि घरात मासे नव्हते.

“तू पुढे हो,” मी त्याला म्हटलं. “बेलाकडून किल्ली घे. मी मांदेली मिळतात का बघतो.”

“मी येऊ?”

“नको. मासे घरमालकाने आणायचे.”

तो सायकलवर बसून गेला. मी बाजारात शिरलो आणि कोळणीला विचारलं, दोन माणसांना किती लागतील.